मानशीवरचं यंत्र तुझ्या ताब्यात देताना

सोमवारी मी इंटर्नशिपला जातेय. तू आजारी होतीस त्या तीन आठवड्यांत प्रोजेक्ट पुढे सरकला, पण पुरा झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून बसून सगळं एका जागी लिहितेय. क्रम आहे त्याच क्रमाने कर. मी तो पाळला नाही आणि दोन शनिवार वाया घालवले.

काय करायचं आहे ते एकदा आठव. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, मानशीच्या आतल्या बाजूला पाण्याची पातळी मोजायची. मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं लाकडी दार. भरतीला मानशीच्या फळ्या बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. फळी नीट मिटत नसेल तर भरतीला आतलं पाणीही चढतं आणि खारं पाणी शेतात शिरतं. ते चढणं मानशीजवळ राहणाऱ्या काकांना रात्रीसुद्धा कळावं, एवढंच आपल्या यंत्राचं काम. मोजमाप जमलंय, आकडे वाय-फायवरून पोचताहेत. अडलंय ते बॅटरीवर. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल निदान महिनाभर टिकायला हवा. आपली पहिली जोडणी पाचव्या दिवशी बंद पडली.

पेटीत काय आहे, काय नाही

निळ्या प्लास्टिकच्या पेटीत ईएसपी-३२चा ३० पिनांचा बोर्ड, जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यात भिजला तरी चालणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, ५ व्होल्टचा छोटा बूस्ट कन्व्हर्टर आणि दोन १८६५० सेल आहेत. बीसी५४७ ट्रान्झिस्टर पाच आहेत, लागेल एकच. एओ३४०१ मॉस्फेट छोट्या अडॅप्टर पट्टीवर सोल्डर करून ठेवलेत. ते फारच बारीक आहेत, नवीन आणलेस तर पट्टीसकट आण. १० हजार आणि १ लाख ओहमचे रेझिस्टर आहेत, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मात्र आणावा लागेल. मल्टीमीटर लॅबचा घे, पेटीतल्या माझ्या मीटरचा मिलिअँपचा फ्यूज उडालाय.

वहीत शेवटच्या चार पानांवर सर्किट आहे. त्यातलं पेन्सिलीने काढलेलं खरं. पेनाने काढलेलं जुनं आहे, त्यावरून काही जोडू नकोस.

१. आधी झोपेतला करंट मोज

काहीही बदलण्याआधी आज बोर्ड झोपेत किती खातो ते स्वतः मोजून वहीत लिही. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

मीटर बॅटरीच्या धन तारेत मालिकेत जोडायचा. इथे एक फसगत आहे. मिलिअँपच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध असतो. बोर्ड जागा होऊन वाय-फाय चालू करतो तेव्हा क्षणभर काहीशे मिलिअँप ओढतो, त्या रोधावर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. पुन्हा जागा, पुन्हा रीसेट. सिरियल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` दिसत राहतं आणि आपल्याला वाटतं बॅटरी गेली. मी त्या भरात एक चांगला सेल बदलून टाकला होता.

म्हणून मीटरच्या दोन टोकांना एक साधी तार आडवी लाव. बोर्ड सुरू होऊ दे, आकडा पाठवू दे, झोपू दे. झोपला की तार काढ, मग मीटर खरा झोपेतला करंट दाखवतो. जागा व्हायच्या आधी तार परत लाव.

सुरुवातीला हा आकडा २२ मिलिअँप होता. २६०० भागिले २२, म्हणजे साधारण ११८ तास. पाच दिवसांचं कोडं तिथेच सुटलं. ईएसपी-३२ची चिप स्वतः गाढ झोपेत दहा मायक्रोअँपच्या आसपास खाते. उरलेलं सगळं भोवतालचं: बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर नुसता बसून ५ मिलिअँप पितो, त्याच्या शेजारी लाल एलईडी जळतो, आणि सेन्सर व बूस्ट कन्व्हर्टर कायम चालू.

रेग्युलेटरचं काम मी पुरं केलंय. एलईडी उपटून टाकला आणि बाहेर एचटी७८३३ लावून त्याचे ३.३ व्होल्ट थेट बोर्डाच्या `3V3` पिनेवर दिले. तो स्वतः काही मायक्रोअँपच घेतो. आता नुसता बोर्ड झोपेत दीड मिलिअँप घेतो. याहून कमी व्हायला सुटी चिप वापरावी लागेल, आपल्याला त्याची गरज नाही.

पण दोन गोष्टी जप. एक, बॅटरी जोडलेली असताना यूएसबी लावू नकोस. मग दोन रेग्युलेटर एकाच तारेवर व्होल्टेज टाकायला लागतात. प्रोग्रॅम चढवायचा तेव्हा सेल बाहेर काढ. दोन, एचटी७८३३ जळाला आणि बदलावा लागला तर त्याचा मधला पाय इनपुट आहे. एएमएस१११७चा मधला पाय आउटपुट असतो. सवयीने लावलास तर धूर निघेल, मला अनुभव आहे.

२. सेन्सरचा स्विच: खरं अर्धवट काम हे

सेन्सरला दहा मिनिटांत एकदा, जेमतेम अर्धा सेकंद वीज हवी. म्हणून बॅटरीकडून बूस्ट कन्व्हर्टरकडे जाणाऱ्या धन तारेत मी मॉस्फेट बसवला. सोर्स बॅटरीकडे, ड्रेन बूस्टकडे, आणि गेट थेट बोर्डाच्या २६ नंबरच्या पिनेला. पिन खाली गेली की सेन्सर चालू, वर गेली की बंद. झोपेत पिन हवेत राहू नये म्हणून `gpio_hold_en` लावून ती वरच खिळवून ठेवली. सगळं पुस्तकाप्रमाणे.

मग एक विचित्र गोष्ट दिसली. सेल नुकताच भरलेला, ४.१८ व्होल्टचा असताना झोपेतला करंट ९ मिलिअँप. तोच सेल दोन-तीन दिवसांनी ३.८ वर आला की दीड. भरलेली बॅटरी जास्त खाते आणि रिकामी होत आली की काटकसर करते! मी आधी कन्व्हर्टर बदलला, मग सेन्सर बदलला. फरक शून्य. कारण मागाहून कळलं आणि ते अगदी साधं आहे.

पी-चॅनल मॉस्फेट बंद राहायला गेट सोर्सएवढा वर हवा. सोर्स आहे बॅटरीवर, म्हणजे ४.२ व्होल्ट. आपली पिन मात्र ३.३ च्या वर जाऊच शकत नाही. फरक राहतो ०.९ व्होल्टचा. एओ३४०१ अर्धा ते सव्वा-दीड व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी उघडायला लागतो, नगानुसार कमी-जास्त. म्हणजे भरलेल्या बॅटरीवर आपला नळ पुरता बंद होतच नव्हता, गळत होता. बॅटरी ३.८ ला आली की फरक अर्ध्या व्होल्टवर येतो आणि गळती थांबते.

उपाय एका ट्रान्झिस्टरचा. असं जोड:

- गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टर. कोणी काही केलं नाही तर गेट बॅटरीएवढाच वर राहतो, म्हणजे स्विच बंद.
- गेटला बीसी५४७चा कलेक्टर, एमिटर जमिनीला.
- २६ नंबरच्या पिनेपासून १० हजार ओहममधून बेसला.
- बेस आणि जमीन यांच्यामध्ये आणखी एक १ लाख ओहमचा. झोपेत पिन हवेत गेली तरी ट्रान्झिस्टर बंदच राहतो.

बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरलेस तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

हे झालं की कोडमध्ये दोन बदल विसरू नकोस. आता सगळं उलटं होतं: पिन `HIGH` म्हणजे सेन्सर चालू. आणि `gpio_hold_en` ची ओळ काढून टाक, तिचं काम आता रेझिस्टर करतात. ती ठेवलीस आणि जाग आल्यावर होल्ड सोडायला विसरलीस तर `digitalWrite` कितीही केलंस तरी पिन हलणार नाही, आणि तू तासभर ट्रान्झिस्टरला दोष देत बसशील.

जमलं की नाही हे ओळखायचं ते भरलेल्या सेलवरच. ४.१ च्या वर व्होल्टेज असताना झोपेतला करंट दीड मिलिअँप आला तर जमलं. अर्ध्या भरलेल्या सेलवर तपासलंस तर जुनं सर्किटही पास होईल, हे लक्षात ठेव. मी ब्रेडबोर्डवर हे एकदा जोडून पाहिलंय, आकडा बरोबर आला. सोल्डर करायचं राहिलंय.

सेन्सर चालू केल्यावर लगेच मोजू नकोस. बूस्ट आणि सेन्सर सावरायला मी ३०० मिलिसेकंद देते. त्याहून कमी दिले तर पहिला आकडा हमखास शून्य येतो. सेन्सरच्या एको पिनेवर ५ व्होल्ट येतात, तिथे १ हजार आणि २ हजार ओहमचा जोड आधीच लावलाय. तो काढू नकोस, नाहीतर बोर्डाची पिन जाईल.

३. बॅटरीचं व्होल्टेज: फक्त पिन बदल

बॅटरी किती उरली ते मोजायची तार मी २७ नंबरच्या पिनेला लावली होती. टेबलावर ती छान आकडे देत होती, वाय-फाय चालू झालं की कचरा. ईएसपी-३२मध्ये एडीसीचे दोन गट आहेत आणि दुसरा गट वाय-फाय चालू असताना आपल्याला वापरता येत नाही. २७ नंबर त्याच गटात येतो. ती तार ३४ नंबरवर ने.

१ लाख आणि १ लाख ओहमचा जोड लावून व्होल्टेज निम्मं कर. ३४ पासून जमिनीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, इतक्या मोठ्या रेझिस्टरांमागून आकडा थरथरतो. मग `analogReadMilliVolts(34) * 2`. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

४. वाय-फायची वाट किती वेळ बघायची

या चुकीमुळे एक सेल एका दिवसात संपला होता. कोड असा होता की वाय-फाय मिळेपर्यंत थांब. काकांच्या घरातला राउटर मानशीपासून चाळीस-एक मीटरवर, एरवी दोन-तीन सेकंदांत जोडला जातो. पण पावसात चोडणला वीज गेली की राउटर बंद, आणि आपला बोर्ड वीज येईपर्यंत जागाच. जागेपणी तो साधारण १२० मिलिअँप घेतो. २६०० भागिले १२०, बावीस तासांत खेळ खलास. वीज परत आली तेव्हा राउटर चालू झाला आणि आपलं यंत्र बंद.

म्हणून मर्यादा घाल:

```cpp
unsigned long t0 = millis();
WiFi.begin(ssid, pass);
while (WiFi.status() != WL_CONNECTED &&
       millis() - t0 < 8000) {
  delay(100);
}
```

आठ सेकंदांत नाही मिळालं तर झोपून जायचं. पण मग तो आकडा हरवतो, आणि वीज गेलेल्या वादळी रात्रीचे आकडेच आपल्याला सगळ्यात जास्त हवेत. त्यासाठी गाढ झोपेतही टिकणारी थोडी मेमरी या चिपमध्ये आहे:

```cpp
RTC_DATA_ATTR uint16_t patali[144];
RTC_DATA_ATTR int n = 0;
```

दहा मिनिटांना एक, म्हणजे १४४ आकड्यांत पूर्ण दिवस मावतो. हे घोषित करून ठेवलंय, पण भरणं आणि पाठवणं लिहायचं राहिलंय. तू लिही: बोर्ड जागा झाला की दर वेळी आकडा `patali[n]` मध्ये टाकायचा आणि `n` वाढवायचा, वाय-फाय मिळालं की सगळे पाठवायचे आणि `n` शून्य करायचा. `n` १४४ ला पोचला तर पुढे लिहायचं नाही, ही तपासणी पहिल्या दिवशीच घाल.

ही मेमरी फक्त झोपेतून उठताना टिकते. रीसेटचं बटण दाबलंस किंवा सेल काढलास की पुसली जाते. तेव्हा मानशीवर गेलीस आणि आकडे अडकलेले दिसले तर सवयीने बटण दाबू नकोस. आधी मोबाइलचा हॉटस्पॉट राउटरच्याच नावाने आणि पासवर्डने चालू कर आणि दहा मिनिटं थांब.

आता गणित बघ. झोपेत दीड मिलिअँप. दर दहा मिनिटांनी सहा सेकंद १२० मिलिअँप, म्हणजे सरासरी १.२. एकूण २.७. २६०० भागिले २.७ म्हणजे ९६० तास, चाळीस दिवस. सेल पूर्ण रिकामा करता येत नाही, म्हणून ऐंशी टक्के धरले तरी बत्तीस दिवस. महिना निघतो.

५. एका तासाच्या झोपेचा घोळ

उन्हाळ्यात दहा मिनिटांची गरज नाही, तासाला एक आकडा पुरतो. मी `minutes` ची किंमत १० ची ६० केली आणि बोर्ड झोपला तो उठलाच नाही. २० वर चालतं, ३० वर चालतं, ६० वर नाही. ओळ अशी होती:

```cpp
esp_sleep_enable_timer_wakeup(minutes * 60 * 1000000);
```

`minutes` हा `int`, म्हणजे गुणाकारही `int` मध्येच होतो. तिथे २१४ कोटी आणि वर थोडं एवढंच मावतं. मायक्रोसेकंदांत ते साधारण ३५ मिनिटं. एका तासाचे होतात ३६० कोटी, ते मावत नाहीत आणि भलताच आकडा पुढे जातो. असं लिही:

```cpp
esp_sleep_enable_timer_wakeup((uint64_t)minutes * 60 * 1000000ULL);
```

६. मानशीवर बसवताना

सेन्सरचं तोंड पाण्यापासून निदान ३० सेंटिमीटर वर राहिलं पाहिजे, सगळ्यात मोठ्या भरतीलाही. २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, आणि तिथे तो गप्प न बसता खोटा आकडा देतो.

दुसरं म्हणजे त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरतो आणि जे सगळ्यात आधी परत येईल तेच तो मोजतो. पहिल्यांदा मी लाकडी चौकटीला चिकटून बसवला होता. सहा तास एकच आकडा, ६१. ओहोटी झाली, मानस उघडली, पाणी गुडघाभर उतरलेलं डोळ्यांना दिसत होतं, तरी ६१. तो चौकटीचं आडवं लाकूड मोजत होता. आता पट्टी हातभर पुढे काढलीय, पण ती अमावास्येच्या भरती-ओहोटीत तपासलेली नाही. तू अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दिवशी जा, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त हलतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त लागतं. दर तासाला काठीने पातळी मोज आणि सेन्सरच्या आकड्याशेजारी लिही. काठीचा आकडा बदलतोय आणि सेन्सरचा जागीच आहे असं दिसलं की पट्टी आणखी पुढे. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे जाते, तेव्हा मागच्या आठवड्याच्या वेळेवर निघू नकोस.

जोडण्या उघड्या ठेवू नकोस. खाऱ्या हवेत आठवड्याभरात तांब्यावर हिरवं चढतं. मी हीट-श्रिंकच्या आत थोडं सिलिकॉन भरते. बॅटरीच्या पेटीच्या स्प्रिंगा दर भेटीला पुसून घे.

मानशीवर जायच्या आधी काकांना फोन कर. ओहोटीला तिथे मासे धरायचं जाळं लावलेलं असतं, त्यावरून पाय टाकून गेलेलं त्यांना चालत नाही आणि ते बरोबरच आहे. शिडी त्यांच्या गोठ्याच्या मागे आहे. त्यांना आकडे मोबाइलवर नकोत, फक्त "पाणी चढतंय" एवढा मेसेज हवा. किती सेंटिमीटर चढलं की तो पाठवायचा, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं. फेरीबोटीतून उतरलीस की पहिलं तेच विचार.